ऐन वेळी बैठक रद्द करावी लागल्यास औपचारिक सूचना कशी लिहावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बैठक ठरविणाऱ्या व्यक्तीलाच शेवटच्या क्षणी माघार घ्यावी लागते, त्या एका प्रसंगापुरतीच ही प्रश्नोत्तरे आहेत. सोलापुरातील कारखाने, संस्था आणि कार्यालये यांच्या रोजच्या पत्रव्यवहारात जे प्रश्न हमखास निघतात, तेच येथे घेतले आहेत. आठवडाभर आधी तारीख बदलण्याचे पत्र कोणालाही सवडीने लिहिता येते. बैठकीला काही तास उरलेले असताना, तेही स्वतःच्या अडचणीमुळे, लिहावयाची सूचना वेगळी असते. ती वाचणारा माणूस कदाचित बूट घालत असतो, आणि त्याला सर्वप्रथम एवढेच कळायला हवे असते की निघायचे की थांबायचे.

मला जाता येत नाही, म्हणजे बैठक रद्दच झाली, असे समजावे का?

नाही, आणि लिहायला बसण्यापूर्वी याचाच निर्णय करावा. दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. पहिली, बैठक होणार आहे, परंतु आपण तिला उपस्थित राहणार नाही. दुसरी, आपल्याविना बैठकीला अर्थच उरत नाही, म्हणून ती होणार नाही. पहिल्या प्रसंगी आपण अनुपस्थिती कळवितो, दुसऱ्या प्रसंगी बैठक रद्द झाल्याचे कळवितो.

बहुतेक घोटाळा येथेच होतो. “अचानक उद्भवलेल्या अडचणीमुळे मी आजच्या बैठकीस येऊ शकत नाही, क्षमस्व” एवढाच मजकूर यजमानाकडून आला, तर समोरचा माणूस गोंधळतो. यजमान नाही, पण त्याचा भागीदार भेटेल का? व्यवस्थापक कागदपत्रे घेऊन बसला आहे का? बैठक होणार नसेल तर तसे स्पष्ट शब्दांत लिहावे, आणि आपल्याऐवजी दुसरे कोणी बैठक घेणार असेल तर त्यांचे नाव आणि पद लिहावे. दुसरा पर्याय खरोखरच शक्य असेल तर तो आधी तपासावा, कारण पुण्याहून किंवा मुंबईहून येणाऱ्या माणसाचा पूर्ण दिवस त्यामुळे वाचतो. मात्र ज्याला दर ठरविण्याचा अधिकार नाही अशा माणसाला केवळ खुर्ची भरण्यासाठी बसविणे, हे बैठक रद्द करण्यापेक्षाही वाईट दिसते.

“रद्द”, “पुढे ढकलली”, “तहकूब” आणि “स्थगित” यांपैकी कोणता शब्द वापरावा?

नवी तारीख हातात असेल तरच “पुढे ढकलण्यात येत आहे” असे लिहावे. तारीख नक्की नसेल, परंतु बैठक घ्यायचीच आहे, तर “आजची बैठक रद्द करण्यात येत असून पुढील दिनांक कळविण्यात येईल” हे वाक्य प्रामाणिक ठरते. “तहकूब” हा शब्द सुरू झालेल्या किंवा निदान सभासद जमलेल्या सभेसाठी राखून ठेवावा. गणपूर्ती न झाल्यामुळे सभा तहकूब होते, घरबसल्या नव्हे. “स्थगित” मात्र खाजगी बैठकीच्या सूचनेत शक्यतो टाळावा, कारण त्यातून व्यवहारच थांबविला आहे की काय अशी शंका येते. दरांची बोलणी सुरू असताना अशी शंका परवडत नाही.

सूचनेचे पहिले वाक्य कोणते असावे?

बैठक होणार नाही, हे सांगणारे. आपल्याकडील औपचारिक पत्राची सवय वेगळी आहे. “उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस विनम्रपणे कळविण्यात येते की, आपल्या व आमच्या दरम्यान झालेल्या दूरध्वनीवरील चर्चेनुसार” अशी सुरुवात होते, आणि “रद्द” हा शब्द चौथ्या ओळीच्या शेवटी उगवतो. फाइलमध्ये लावायच्या पत्रात ते खपते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र सूचनेच्या पहिल्या दीड-दोन ओळीच दिसतात, आणि त्यांत फक्त नमस्कार-चमत्कार असेल तर वाचणारा ती नंतर सवडीने वाचू म्हणून फोन खिशात ठेवतो.

म्हणून विषयाच्या ओळीतच वार, दिनांक, वेळ, ठिकाण आणि “रद्द” हा शब्द यावा. वार लिहायला विसरू नये. तारखेत चूक झाली तरी वारामुळे ती लगेच उघडी पडते. नुसते “आजची” किंवा “उद्याची” असेही लिहू नये, कारण रात्री साडेअकराला पाठविलेली सूचना समोरच्याने सकाळी वाचली, तर “उद्या” कोणता हे त्याला ठरविता येत नाही.

एखादे प्रत्यक्ष उदाहरण द्याल का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचे उदाहरण घेऊ. कारखाना काल्पनिक आहे, अडचण मात्र नेहमीची आहे. गुरुवार, दि. १२ मार्च २०२६ रोजी सकाळी ११ वाजता पुण्यातील एका खरेदीदार संस्थेच्या खरेदी विभागप्रमुख आणि त्यांचे एक सहकारी वार्षिक पुरवठ्याच्या दरांविषयी बोलण्यासाठी कारखान्यात येणार आहेत. पुणे ते सोलापूर सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर आहे, म्हणजे मोटारीने साडेचार-पाच तास. अकराला पोहोचायचे तर पाहुणे सहाच्या सुमारास पुणे सोडणार. कारखान्याच्या मालकांच्या वडिलांना पहाटे पाच वाजता रुग्णालयात दाखल करावे लागले. दर ठरविण्याचा अधिकार मालकांकडेच असल्याने बैठक रद्द करण्यावाचून इलाज नाही.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे राहून असा मजकूर लिहिला जातो:

> नमस्कार मॅडम, सर्वप्रथम आपली मनापासून क्षमा मागतो. काही अपरिहार्य कारणामुळे आजची मीटिंग होईल असे वाटत नाही. आपणांस झालेल्या त्रासाबद्दल अत्यंत दिलगीर आहे. लवकरच भेटू. पुन्हा एकदा सॉरी.

मजकूर मनापासूनचा आहे, परंतु कामाचा नाही. “होईल असे वाटत नाही” हे वाक्य वाचून पाहुणे निघायचे थांबतील की फोन करतील, हे सांगता येत नाही, आणि सकाळी सहाला फोन करण्याचा संकोच असेल तर ते निघतीलच. तीनदा क्षमा मागितली आहे, पण कारण एकदाही सांगितलेले नाही. पुढे काय, याविषयी “लवकरच भेटू” यापलीकडे काही नाही.

त्याच परिस्थितीत पुढील मजकूर पाठविता आला असता:

> विषय: आज गुरुवार, दि. १२ मार्च २०२६, सकाळी ११ वाजताची सोलापूर येथील बैठक रद्द. कृपया प्रवासास निघू नये.
>
> मा. महोदया,
>
> टॉवेलच्या वार्षिक पुरवठ्याच्या दरांबाबत आज सकाळी ११ वाजता आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसी येथील कारखान्यात ठरलेली बैठक मला रद्द करावी लागत आहे. माझ्या वडिलांना आज पहाटे रुग्णालयात दाखल केले असून मला त्यांच्याजवळ थांबणे आवश्यक आहे. इतक्या ऐन वेळी कळवावे लागल्याबद्दल मी आपली व आपल्या सहकाऱ्यांची मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो.
>
> बैठकीत दाखवावयाचे नमुने व दरपत्रक आमचे व्यवस्थापक आजच कुरिअरने आपल्या कार्यालयात पाठवतील, जेणेकरून आपले अंतर्गत काम थांबणार नाही. पुढील बैठकीसाठी मंगळवार, दि. १७ मार्च किंवा सोमवार, दि. २३ मार्च यांपैकी आपणांस सोयीचा दिवस कळवावा. आपली हरकत नसल्यास त्या दिवशी मी स्वतः पुण्यास येईन.
>
> ही सूचना मिळाल्याची पोहोच कृपया द्यावी. पोहोच न मिळाल्यास आमचे व्यवस्थापक आपणांस दूरध्वनी करतील.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, पद, संस्था)

यातील काही गोष्टी मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. “प्रवासास निघू नये” ही सूचना विषयातच आहे, म्हणजे खालचा मजकूर न वाचताही काम होते. नमुने आणि दरपत्रक यांचा उल्लेख आल्यामुळे बैठक रद्द झाली तरी व्यवहार चालू आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. “मी स्वतः पुण्यास येईन” या वाक्यात दिलगिरीच्या दोन वाक्यांपेक्षा अधिक दिलगिरी आहे; पण ते पाळता येणार असेल तरच लिहावे.

आणि तारखा. पुढच्या आठवड्यात त्याच वारी बैठक ठेवावी असे कोणालाही चटकन सुचते. या उदाहरणात तो गुरुवार १९ मार्च, म्हणजे नेमका गुढीपाडवा आहे. पहाटेच्या घाईत ही चूक अगदी सहज होते, म्हणून तारीख लिहिण्यापूर्वी भिंतीवरील कालनिर्णयाकडे किंवा मोबाइलमधील दिनदर्शिकेकडे एकदा पाहावेच.

आधी फोन करावा की आधी लिहावे?

समोरचा माणूस प्रवास करून येणार असेल तर आधी फोन, लगेच त्यानंतर लेखी सूचना. फोन न उचलल्यास लेखी सूचना पाठवून पुन्हा फोन करावा. सकाळी सहाला फोन करणे अशिष्ट आहे, हा संकोच या प्रसंगी बाजूला ठेवावा. इंदापूर ओलांडल्यावर आलेला फोन त्याहून कितीतरी अधिक अशिष्ट वाटतो.

कारण किती सांगावे?

ज्याचा जितका वेळ आणि पैसा आपल्या माघारीमुळे वाया जाणार, तितके त्याला कारण कळण्याचा हक्क अधिक. शेजारच्या गाळ्यातून पायी येणाऱ्या माणसाला “अपरिहार्य कारणास्तव” चालते. अडीचशे किलोमीटर येणाऱ्याला ते चालत नाही, कारण हेच दोन शब्द गावातील प्रत्येक रद्द झालेल्या कार्यक्रमाच्या फलकावर दिसतात आणि त्यातून काहीही कळत नाही.

तरीही तपशिलाला मर्यादा असावी. “वडिलांना रुग्णालयात दाखल केले आहे” एवढे पुरे. आजाराचे नाव, रुग्णालयाचे नाव, डॉक्टर काय म्हणाले, हे औपचारिक सूचनेत नको. एकतर तो रुग्णाचा खाजगी विषय आहे, आणि दुसरे म्हणजे अशी सूचना पुढे पाठविली जाते. खरेदी विभागातून लेखा विभागात, तेथून आणखी कोणाकडे. आजारपण स्वतःचे असेल आणि ते सांगावयाचे नसेल तर “प्रकृतीच्या कारणास्तव” हा शब्दप्रयोग पुरेसा आहे आणि त्यावर कोणी पुढे विचारीत नाही.

कारण कामाचे असेल, उदाहरणार्थ त्याच दिवशी शासकीय कार्यालयात हजर राहण्याची सूचना आली असेल, तर तसे लिहावे. मात्र दुसरा मोठा ग्राहक आला म्हणून आपण ही बैठक मोडत असू, तर त्याला अपरिहार्य कारण म्हणू नये. सोलापूरच्या कापड व्यापारात गोष्टी फार काळ लपत नाहीत. अशा वेळी “कामाच्या पूर्वनियोजनात बदल झाल्यामुळे” हे मोघम असले तरी खोटे नसलेले वाक्य वापरावे, आणि नवी तारीख समोरच्याला निवडू द्यावी.

घरी कोणाचे निधन झाले असल्यास सूचना कशी लिहावी?

अगदी थोडक्यात, आणि शक्यतो दुसऱ्याने. “आमचे संचालक श्री. … यांच्या मातोश्रींचे आज पहाटे दुःखद निधन झाल्यामुळे आज सकाळी ११ वाजता ठरलेली बैठक रद्द करण्यात येत आहे. पुढील दिनांक आम्ही स्वतंत्रपणे कळवू.” यात दिलगिरी नसली तरी चालते, आणि अशा सूचनेत पर्यायी तारीख मुळीच देऊ नये. दहावा-तेरावा होईपर्यंत कोणी तारखेची विचारणा करीत नाही. आपणच चौथ्या दिवसाची तारीख दिली तर वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते.

दिलगिरी किती वेळा व्यक्त करावी?

एकदा, कारणानंतर लगेच. दिलगिरी पुन्हा पुन्हा आली की समोरच्याला “असू द्या हो” असे उत्तर देणे भाग पडते, आणि तारखेचा प्रश्न बाजूला राहतो.

पाहुणे निघाले असतील, किंवा सोलापुरात येऊन थांबलेले असतील तर काय लिहावे?

मग ती केवळ रद्द केल्याची सूचना राहत नाही, तर पाहुण्यांची व्यवस्था सांगणारे पत्र होते. मोटार भिगवणपर्यंत आली असेल तर परत फिरणे सोपे आहे. मोहोळपर्यंत आली असेल तर सोलापुरात येऊन जेवून, थोडे थांबून परतणे सोयीचे. हा निर्णय फोनवर पाहुण्यांनी घ्यावा. लेखी सूचनेत एवढे यावे की बैठक होणार नाही, आमच्या वतीने अमुक व्यक्ती आपणांस भेटतील, त्यांचा दूरध्वनी क्रमांक हा, आणि कारखाना पाहावयाचा असल्यास त्याची व्यवस्था केली आहे.

प्रवासखर्चाचा उल्लेख करावा का, असेही विचारले जाते. करावा, परंतु ज्याला तो मंजूर करण्याचा अधिकार आहे त्यानेच. “आपणांस व आपल्या सहकाऱ्यांना झालेला आजचा प्रवासखर्च आमच्या संस्थेकडून देण्यात येईल, कृपया देयके आमच्या लेखा विभागाकडे पाठवावीत” हे वाक्य स्पष्ट आहे. “काही खर्च झाला असल्यास सांगावे” हे वाक्य मात्र कोणालाही काही मागू देत नाही, त्यामुळे ते नसलेलेच बरे. शासकीय किंवा निमशासकीय पाहुण्यांना खर्च देऊ करण्यापूर्वी त्यांच्या नियमांचा विचार करावा. बहुतेक वेळा तो उल्लेख टाळणेच योग्य ठरते.

“मी कळवितो” लिहावे की “कळविण्यात येते”?

आपण स्वतःच्या अडचणीमुळे माघार घेत असाल तर “मी”. “बैठक रद्द करण्यात आलेली आहे” असे कर्मणी वाक्य लिहिले की निर्णय कोणी आकाशातून घेतल्यासारखा वाटतो, आणि पुढच्याच ओळीत “माझ्या वडिलांना” असे आले की सूर बिघडतो. संस्थेच्या वतीने अनेक सदस्यांना सूचना जात असेल तर “सर्व सन्माननीय सदस्यांना कळविण्यात येते की” हे रूप योग्य आहे, कारण तेथे लिहिणारा सचिव स्वतःच्या नावाने बोलत नसतो. एका पत्रात दोन्ही रूपे वापरू नयेत.

संबोधनाविषयी जाता जाता. आपल्याकडे बोलताना समोरच्याला “मालक” किंवा “अण्णा” म्हणण्याची पद्धत आहे आणि फोनवर ती शोभतेही. लेखी सूचनेत मात्र “मा. महोदय” किंवा “मा. महोदया” असेच लिहावे, रोजची ओळख असली तरी, ती सूचना उद्या त्यांच्या कार्यालयातील दुसरे कोणी वाचणार आहे. महिलांच्या नावामागे “सौ.” लावण्याऐवजी “श्रीमती” लिहावे, किंवा नुसते नाव आणि पद लिहावे.

मी अध्यक्ष आहे. मला येता येत नसल्यामुळे सोसायटीची सर्वसाधारण सभा रद्द केल्याची सूचना काढू का?

काढू नये. येथे खाजगी बैठकीचा नियम लागू होत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते, आणि ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची असते. आता हिशेब करून पाहा. सभा २५ सप्टेंबरला ठेवली आहे आणि २४ तारखेच्या रात्री अध्यक्षांनी ती रद्द केली. नव्या नोटिशीचे चौदा दिवस मोजले की नवी सभा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाते. मुदत हुकली, आणि ती का हुकली याचे स्पष्टीकरण उपनिबंधक कार्यालयाला समितीने द्यावयाचे.

अध्यक्ष नाहीत म्हणून सभा अडत नाही; उपस्थित सभासद आपल्यातून एकाची त्या सभेपुरती अध्यक्ष म्हणून निवड करू शकतात. त्यामुळे अध्यक्षांनी लिहावयाचे पत्र रद्द केल्याचे नसून अनुपस्थितीचे आहे, आणि ते सचिवांच्या नावे असावे:

> मा. सचिव महोदय,
>
> शुक्रवार, दि. २५ सप्टेंबर २०२६ रोजी सायंकाळी ६ वाजता होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेस कौटुंबिक आजारपणामुळे मी उपस्थित राहू शकत नाही. सभा ठरल्याप्रमाणे घ्यावी व उपस्थित सभासदांमधून सभेच्या अध्यक्षांची निवड करावी, ही विनंती. माझे हे पत्र सभेत वाचून दाखवावे व इतिवृत्तात त्याची नोंद घ्यावी.

शेवटचे वाक्य गाळू नये. इतिवृत्तात नोंद नसेल तर पुढे अध्यक्ष न सांगताच गैरहजर राहिले असा अर्थ लावला जातो.

कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीचे काय?

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७३ प्रमाणे संचालक मंडळाच्या बैठकीची नोटीस किमान सात दिवस आधी द्यावी लागते, आणि संचालकाला दृक्‌श्राव्य माध्यमातून सहभागी होण्याची मुभाही त्याच कलमात आहे. म्हणून रुग्णालयातून तासभर व्हिडिओवर बसता येणार असेल तर तसे आधी विचारावे. तेही शक्य नसेल तर संचालकाने “अनुपस्थितीची रजा मंजूर करावी” अशी लेखी विनंती कंपनी सचिवांकडे करावी. गणपूर्तीसाठी एकूण संचालकांपैकी एक तृतीयांश किंवा दोन, यांपैकी जी संख्या अधिक असेल ती लागते. आपल्या माघारीमुळे गणपूर्तीच होत नसेल, तर कलम १७४ नुसार, नियमावलीत वेगळी तरतूद नसल्यास, बैठक आपोआप पुढील आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी तहकूब होते. तो दिवस राष्ट्रीय सुटीचा असेल तर त्यानंतरच्या, राष्ट्रीय सुटी नसलेल्या दिवशी. त्यामुळे “बैठक रद्द” अशी सूचना एकट्या संचालकाने सर्वांना पाठवू नये. वर “तहकूब” हा शब्द राखून ठेवावा असे म्हटले, ते यासाठीच.

व्हॉट्सॲपवर पाठविलेली सूचना औपचारिक मानावी का?

दोन व्यक्तींमधील बैठकीसाठी चालते, मजकूर पूर्ण आणि नीट असेल तर. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे पोहोच मिळाली असे मात्र समजू नये. सूचना कोणी उघडली, मालकांनी की त्यांचा फोन हाताळणाऱ्या मुलाने, हे त्या खुणा सांगत नाहीत. “मिळाले” एवढा एक शब्द मागून घ्यावा.

गटावर सूचना टाकताना एक वेगळीच अडचण येते. आधीची निमंत्रणाची सूचना तेथे तशीच राहते आणि कोणीतरी ती दुपारी पुन्हा पुढे पाठवितो. म्हणून रद्द केल्याच्या सूचनेत आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक द्यावा: “संदर्भ: आमचे पत्र जा. क्र. …, दि. …, सदर पत्रान्वये कळविलेली बैठक रद्द समजावी.” जुनी सूचना वर अडकवून ठेवलेली असेल तर ती काढून नवी तेथे लावावी. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही अशा ज्येष्ठ सदस्यांना फोन करण्याची जबाबदारी कोणाची, हेही त्याच वेळी ठरवावे.

मला लिहिण्याचीही सवड नसेल तर माझ्या वतीने कोणी लिहावे?

व्यवस्थापक, भागीदार किंवा कार्यालयीन सहायक लिहू शकतात. स्वाक्षरीच्या जागी “करिता” लिहून आपले नाव व पद द्यावे आणि त्याखाली लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव लिहावे. आपल्या नावाने, आपणच लिहिल्यासारखा “मी” वापरून दुसऱ्याने सूचना पाठवू नये. समोरचा लगेच फोन करून आपल्याला एखादी गोष्ट विचारतो आणि आपल्याला सूचनेत काय लिहिले आहे हेच ठाऊक नसते.

आणखी कोणाकोणाला कळवावे?

बैठकीच्या निमित्ताने ज्यांनी काही तयारी केली आहे, त्या सर्वांना. सभागृहाचे आरक्षण, जेवणाची सांगितलेली ताटे, स्थानकावर जाणारी गाडी, कारखान्याच्या फाटकावरील सुरक्षारक्षक. हे एका ओळीत “प्रत माहितीस्तव” म्हणून जाऊ शकते, परंतु त्यांना पाठविलेल्या प्रतीत घरगुती कारण असू नये. त्यांच्यासाठी “आजची बैठक रद्द” एवढेच पुरे.

परिस्थिती निवळल्यावर पुन्हा पत्र लिहावे लागते का?

लागते, आणि बहुतेक जण ते लिहीत नाहीत. पहिल्या सूचनेत तारखांचा पर्याय दिला असेल आणि उत्तर आले असेल तर नव्या बैठकीचे रीतसर निमंत्रण पाठवावे. जुन्याच संभाषणात “ठीक, मंगळवारी भेटू” एवढ्यावर थांबू नये. “दिनांक नंतर कळवू” असे लिहिले असेल तर तीन-चार दिवसांच्या आत, तारीख ठरली नसली तरी, एक पत्र जावे: “दि. १२ मार्च रोजीच्या आमच्या सूचनेच्या संदर्भात कळवितो की, वडिलांची प्रकृती आता स्थिर आहे. पुढील बैठकीचा दिनांक मी सोमवार, दि. १६ मार्चपर्यंत कळवीन. दरम्यान नमुन्यांविषयी आपले काही म्हणणे असल्यास आमच्या व्यवस्थापकांना अवश्य कळवावे.” या पत्रात पहिल्या दिवसाची दिलगिरी पुन्हा काढू नये, आणि दिलेला सोमवार उलटू देऊ नये.